लोकलेखा समितीपुढे सचिवांची साक्ष

संसदेच्या लोकलेखा समितीसमोर मंत्री कधी दिसत नाही. वित्तीय समित्यांनी मंत्र्याला साक्षीसाठी बोलवायचे नाही, असा दंडक आहे. त्यामुळे निर्णयावर मंत्र्याची स्वाक्षरी असली, तरी खात्याने केलेल्या खर्चाचा व बुडालेल्या महसुलाचा जाब समितीला द्यायचा तो सचिवाने. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही लोकलेखा आणि अंदाज या नावांच्याच समित्या काम करतात.

या दोन समित्यांची नेहमी गल्लत होते. अंदाज समिती 1950 मध्ये स्थापन झाली. तिचे 30 सदस्य केवळ लोकसभेचे असतात. अंदाजपत्रकातील खर्चात काटकसर कशी करता येईल हे ती पाहते आणि त्यासाठी पर्यायी धोरणही सुचवू शकते. लोकलेखा समितीत लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 सदस्य असतात. 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा अहवाल हा तिच्या कामाचा मुख्य आधार असतो. मात्र संसदेने स्वीकारलेल्या धोरणावर तिला बोट ठेवता येत नाही. धोरण राबवताना झालेली उधळपट्टी वा हयगय तेवढी तिच्या कक्षेत येते.

प्रत्यक्ष साक्षीआधी बरेच काम झालेले असते. समितीचे सचिवालय खात्याला प्रश्नावली पाठवते. लेखी उत्तरे आली की लेखापरीक्षक ती तपासून कोठे टाळाटाळ झाली आहे हे सदस्यांना दाखवून देतात. नंतर बंद दाराआड सचिवांची साक्ष होते व तिची शब्दशः नोंद ठेवली जाते. ‘तो धोरणात्मक निर्णय होता’ हे अधिकाऱ्यांचे हुकमी उत्तर असते. तेव्हा धोरण कोठे संपले आणि अंमलबजावणी कोठे सुरू झाली, याचा माग काढण्यातच प्रश्नकर्त्याचे कसब लागते.

टू-जी स्पेक्ट्रमचे प्रकरण याचा चांगला नमुना आहे. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे दूरसंचार खात्याचे धोरण होते. अर्जांसाठी 1 ऑक्टोबर 2007 ही अखेरची तारीख खात्याने जाहीर केली होती. प्रत्यक्षात 10 जानेवारी 2008 रोजी दुपारी पत्रक काढून 25 सप्टेंबरपर्यंत आलेलेच अर्ज विचारात घेतले गेले आणि त्याच दिवशी तासाभराच्या मुदतीत इरादापत्रे वाटण्यात आली. अर्जाची तारीख मागे पडून, अटींची पूर्तता जो आधी करील तो ‘पहिला’ ठरला. शुल्क मात्र 2001 च्या दराने, संपूर्ण देशासाठी 1,658 कोटी रुपये आकारले गेले. जुना दर आज कसा लागू होतो, ही शंका वित्त सचिवांनी नोव्हेंबर 2007 मध्येच लेखी कळवली होती.

धोरणाची ढाल येथे पुरी पडत नाही, हे उघड आहे. अखेरची तारीख कोणी बदलली, त्या टिपणीवर कोणाचा शेरा आहे, वित्त सचिवांच्या पत्राला काय उत्तर गेले, हे सारे प्रश्न फायलीतल्या कागदांचे आहेत. नोव्हेंबर 2010 मध्ये संसदेत सादर झालेल्या ‘कॅग’च्या अहवालाने 122 पैकी 85 परवाने अपात्र कंपन्यांना मिळाल्याचे म्हटले. तोट्याचा 1 लाख 76 हजार कोटींचा अंदाज तेवढा गाजला. ही कार्यपद्धती मात्र त्या आकड्याखाली झाकली गेली.

मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनेक साक्षी घेतल्या. डिसेंबर 2010 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी स्वतः समितीपुढे येण्याची तयारी कळवली, पण मंत्र्यांना न बोलावण्याचा दंडक आड आला आणि ती साक्ष झालीच नाही. अडचण पुढेच होती. वित्तीय समित्यांच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही, त्यामुळे एकमत हाच त्यांचा प्राणवायू. 28 एप्रिल 2011 च्या बैठकीत 21 पैकी 11 सदस्य मसुद्याच्या विरोधात गेले. जोशी बैठक तहकूब करून निघून गेले. उरलेल्यांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षस्थानी बसवून मसुदा फेटाळला. जोशींनी तरीही तो लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांना सादर केला; त्यांनी तो जूनमध्ये परत पाठवला.

सभागृहात स्वीकृत अहवाल मांडला गेला, तर शिफारशींवर काय केले हे खात्याला सहा महिन्यांत कळवावे लागते. मसुदाच परत आल्याने दूरसंचार खात्यावर तशी पाळी आली नाही. 122 परवाने अखेर रद्द झाले ते 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. विशेष न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये फौजदारी खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता केली.