सेकंडहँड सायकलची ऑनलाइन जाहिरात: फ्रेम, गिअर, ब्रेक, टायर आणि जोडणी कशी लिहायची?

माझी कॉलेजची सायकल चंद्रपूरच्या घरी धूळ खात पडली होती. मी फोनवरून दोन फोटो काढले आणि जाहिरात टाकली: "२६ इंची गिअरची सायकल, डिस्क ब्रेक, चांगली कंडिशन, ₹४,५००." दुसऱ्याच दिवशी मूलहून एक काका मुलीला घेऊन आले. सुमारे ४५ किमीचा एसटी प्रवास आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून. मुलगी सायकलवर बसली, पण उतरताना तिचे पाय जमिनीला टेकेनात. दोघं तसेच परत गेले. सायकलीत खोट नव्हती, खोट माझ्या जाहिरातीत होती.

आपल्याकडे "आधी बघून जा" म्हणणं सोपं आहे, पण एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या माणसाला बघायला येण्यातच अख्खा दिवस जातो. म्हणून जाहिरात वाचूनच त्याला ठरवता आलं पाहिजे. ती जाहिरात मी नंतर कशी बदलली, ते एकेक करून बघू.

१. फ्रेम: "२६ इंची" हे चाकाचं माप आहे

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. २६ इंच म्हणजे चाक. त्याच चाकावर १५ इंची फ्रेमही येते आणि २० इंचीही. फ्रेमचं माप असं घ्या: पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीट ज्या नळीत जाते तिच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावा. माझी १८ इंच भरली.

एमटीबी प्रकारच्या सायकलींसाठी ढोबळ हिशेब असा:

- उंची १४८ ते १५८ सेंमी: फ्रेम १३ ते १५ इंच
- १५८ ते १६८ सेंमी: १५ ते १७ इंच
- १६८ ते १७८ सेंमी: १७ ते १९ इंच
- १७८ ते १८५ सेंमी: १९ ते २१ इंच

ती मुलगी ५ फूट १ इंच, म्हणजे साधारण १५५ सेंमी होती. तिला १५ इंचापर्यंतची फ्रेम हवी होती.

पण सारख्या उंचीच्या दोघांच्या पायांची लांबी वेगळी असू शकते. म्हणून आणखी एक माप द्या: आडव्या दांडीची जमिनीपासूनची उंची. माझी ७७ सेंमी होती. घेणाऱ्याने अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन्ही पायांमध्ये वही वरपर्यंत घट्ट धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. हे माप दांडीच्या उंचीपेक्षा निदान ५ सेंमी जास्त हवं. माझ्या सायकलसाठी ते ८२ च्या पुढे हवं. दांडी खाली झुकलेली असेल, तर सीटच्या थोडं पुढे, जिथे माणूस उभा राहतो, तिथली उंची घ्या.

२. गिअर: किती आहेत आणि किती चालतात

पुढच्या चकत्या गुणिले मागच्या चकत्या. माझ्याकडे पुढे ३, मागे ७, म्हणून २१. पण चालणारे किती? सायकल चढावर घेऊन प्रत्येक चकतीवर जोर देऊन बघा. चेन घसरली किंवा 'कट' आवाज करून उडी मारली, तर कोणत्या चकतीवर ते लिहा. माझी मागच्या सगळ्यात लहान चकतीवर घसरत होती.

चेन झिजली का, हे साध्या पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच असतं. १२ इंच आणि १/१६ झालं, की चेन बदलायची वेळ आली. १/८ जास्त झालं, तर बहुधा चकत्याही झिजल्या आहेत आणि नुसती चेन बदलून भागणार नाही. म्हणजे खर्च वाढला. किंमत सांगताना हे आधीच कळवलेलं बरं.

३. ब्रेक: नुसतं "डिस्क" लिहू नका

डिस्क ब्रेक दोन प्रकारचे. चाकाजवळच्या ब्रेकमधून उघडी लोखंडी तार बाहेर येऊन बोल्टखाली दाबलेली दिसली, तर तो तारेचा, म्हणजे मेकॅनिकल. जाड काळी नळी थेट आत जाते आणि तार कुठेच दिसत नाही, तर तो तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक. तारेचा ब्रेक गावातला साधा मेकॅनिकही ताणून देतो. हायड्रॉलिकमधली हवा काढायला वेगळं सामान आणि योग्य तेल लागतं. ते जवळ मिळेल का, हे घेणाऱ्याला आधी बघावं लागतं.

डिस्क नसेल तर रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा व्ही-ब्रेक आहे की जुन्या काळ्या सायकलींचा सळईचा ब्रेक, तेही लिहा.

४. टायर: बाजूवरचा आकडा जसाच्या तसा

टायरच्या बाजूवर दोन मापं उठवलेली असतात. माझ्या टायरवर `26 x 1.95` आणि `50-559` होतं. दुसरं माप महत्त्वाचं: ५० मिमी रुंदी, आणि टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिमी.

बऱ्याच लेडीज सायकलींवर `26 x 1 3/8` असतं. तेही "२६"च, पण त्याचं दुसरं माप `37-590`. ५५९ आणि ५९० मध्ये ३१ मिमीचा फरक आहे, म्हणून एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसतच नाही. घेणारा "२६ चा टायर द्या" म्हणून चुकीचा घेऊन घरी गेला, की पुन्हा तालुक्याची फेरी. टायरच्या आकड्यांचा जवळून फोटो टाका. चिखल पुसून.

५. जोडणी: टक्के नको, भाग सांगा

सायकल खोक्यात पाठवणार असाल तर "८५ टक्के असेंबल्ड" लिहून काहीच कळत नाही. काय काढलेलं आहे ते लिहा: पुढचं चाक, हँडल, सीट, दोन्ही पायडल. सोबत अवजारं: १५ मिमीचा पाना आणि ४, ५, ६ मिमीच्या ॲलन की.

दोन सूचना जरूर द्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. पायडलवर L आणि R असतं. जबरदस्तीने फिरवलं तर क्रँकचे आटे कायमचे जातात. दुसरं म्हणजे, पुढचा फोर्क उलटा बसतो आणि लवकर लक्षात येत नाही. पुढे डिस्क असेल तर ती चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आली पाहिजे. उजवीकडे आली, तर फोर्क उलटा आहे.

बदललेली जाहिरात

> एमटीबी, फ्रेम १८ इंच, १६८ ते १७८ सेंमी उंचीसाठी. आडवी दांडी जमिनीपासून ७७ सेंमी. गिअर ३×७, मागच्या सगळ्यात लहान चकतीवर चेन घसरते, बाकी ठीक. दोन्ही डिस्क ब्रेक तारेचे. टायर `26 x 1.95` (`50-559`), मागचा नवा. पूर्ण जोडलेली, चालवून नेता येईल. चंद्रपूर. ₹३,८००.

यानंतर फोन कमी आले. एका ताईने विचारलं, "माझ्या भावाची उंची १६० आहे, चालेल का?" मी नाही म्हटलं आणि तिची फेरी वाचली. चार दिवसांनी वडसाहून १७२ सेंमीचा एक मुलगा आला, नवी चेन सोबत घेऊनच. चेन बसवून घेतली, मैदानात दोन चकरा मारल्या आणि पैसे देऊन सायकल घेऊन गेला.