दुसरी पत्नी, दोन पाट आणि एक तांब्या : द्विभार्या प्रतिबंधाचा महाराष्ट्रातील इतिहास (थ्रेड)

१/
पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह गुन्हा आहे, हे आज सर्वांना ठाऊक असते. पण त्या दुसऱ्या स्त्रीचे आणि तिच्या मुलांचे कायद्याच्या दृष्टीने नेमके स्थान काय? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलले, आणि त्या बदलांतील महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातील खटल्यांतूनच घडले.

२/
१९४६ पूर्वी मुंबई प्रांतातील हिंदू पुरुषाला एकाहून अधिक विवाह करण्यास कायद्याने आडकाठी नव्हती. दुसरी पत्नी ही पूर्णार्थाने पत्नी असे. तिला पोटगीचा हक्क होता आणि तिची मुले औरस मानली जात. सवतीचा संसार दुःखाचा असला, तरी कायद्याच्या लेखी ती घरातलीच होती.

३/
१९४६ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. असा दुसरा विवाह त्यामुळे निरर्थ, म्हणजे मुळातच अस्तित्वात नसलेला ठरला आणि गुन्हाही ठरला. हा निर्बंध केवळ हिंदूंवरच का, या मुद्द्यावर कायद्याला आव्हान दिले गेले. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हेच तत्त्व देशभर लागू केले.

४/
हेतू पहिल्या पत्नीच्या संरक्षणाचा होता. पण ‘निरर्थ’ या एका शब्दाने दुसऱ्या स्त्रीच्या पायाखालची जमीनही काढून घेतली. शिवाय पहिल्या पत्नीला तरी संरक्षण मिळाले का, याची कसोटी दहाच वर्षांत लागली.

५/
तो खटला म्हणजे भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पहिला विवाह १९५६ च्या सुमारास झालेला होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये, पहिली पत्नी हयात असताना, पतीने ‘गांधर्व’ पद्धतीने दुसरा विवाह केला. पहिल्या पत्नीने फिर्याद दिली. खालच्या न्यायालयांनी पतीला आणि त्याच्या भावाला दोषी ठरवले व उच्च न्यायालयातही ती शिक्षा टिकली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

६/
तेथे प्रश्न उभा राहिला, की त्या रात्री नेमके काय घडले? साक्षीदाराने सांगितले : रात्री दहा-अकराची वेळ. दोन पाट मांडले. तांब्यावर विड्याची पाने आणि नारळ ठेवून पूजा झाली. वधूवरांनी एकमेकांना हार घातले आणि कपाळाला कपाळ लावले. ब्राह्मण बोलावला नव्हता, मंगलाष्टकाही म्हटल्या गेल्या नाहीत. आपल्या रूढीत गांधर्वासाठी त्यांची गरजच नसते, असे साक्षीदाराचे म्हणणे होते.

७/
१९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्यामागचा युक्तिवाद असा : गुन्हा सिद्ध होण्यासाठी दुसरा विवाह योग्य विधींनी ‘संपन्न’ झालेला असावा लागतो. होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झालेले नाहीत. रूढीने ते विधी वगळले आहेत, हेही पुराव्याने सिद्ध झालेले नाही. केवळ पती-पत्नी म्हणून एकत्र राहिल्याने विवाह होत नाही. म्हणून दुसरा विवाह झालाच नाही, आणि गुन्हाही घडला नाही.

८/
या तर्काचा व्यवहारातील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. जो पुरुष दुसरा विवाह पूर्ण विधींनी लावील तो तुरुंगात जाण्याची शक्यता, आणि जो अर्धवट लावील तो सुटण्याची. सात पावले सिद्ध करण्याचा भार पहिल्या पत्नीच्या फिर्यादीवर. आणि ज्या समारंभाला तिला कोणी बोलावणार नाही, त्याचे साक्षीदार तिने आणायचे तरी कोठून?

९/
दुसऱ्या स्त्रीची कोंडी याच्या उलट होती. यमुनाबाई आढाव खटल्यात १९७४ चा विवाह हिंदू विधींनी लागलेला होता, पण पतीची पहिली पत्नी हयात होती. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील ‘पत्नी’ म्हणजे वैध विवाहाची पत्नी. पहिल्या विवाहाची माहिती तिला नव्हती, या म्हणण्यानेही फरक पडला नाही. विधी अपुरे असोत वा पूर्ण, हात रितेच राहिले.

१०/
मुलांबाबत कायदा तुलनेने उदार होता. कलम १२५ मध्ये अनौरस अपत्याचाही स्पष्ट उल्लेख असल्याने त्याला निर्वाहखर्च मिळू शके. मात्र १९५५ च्या कायद्यातील कलम १६ मध्ये एक फट होती : विवाह निरर्थ असल्याचा हुकूमनामा न्यायालयाने दिला असेल, तरच मुले औरस ठरत. कोणी न्यायालयात गेलेच नाही, तर मूल अनौरसच राही. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. पण अशा अपत्याचा हक्क फक्त आईवडिलांच्या मालमत्तेपुरता राखला.

११/
दुसऱ्या स्त्रीसाठी दार किलकिले झाले ते २०१३ मध्ये. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील देवगड मंदिरात फेब्रुवारी २००५ मध्ये लागलेला हा विवाह. सुमारे तीन महिन्यांनी एक स्त्री घरी आली आणि आपणच या गृहस्थाची पत्नी असल्याचे तिने सांगितले. नववधू तेव्हा गरोदर होती. पुढे मुलगी झाली. दंडाधिकाऱ्यांनी आईला दरमहा १,००० आणि मुलीला ५०० रुपये मंजूर केले. तेवढ्यासाठी पती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

१२/
न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी त्याचे म्हणणे फेटाळले. पहिला विवाह लपवून ज्याने स्त्रीला फसवले, त्याला स्वतःच्याच गैरकृत्याचा लाभ घेता येणार नाही. निर्वाहखर्चापुरते तरी तिला पत्नीच मानले जाईल. यमुनाबाई निकाल, जिला पहिल्या विवाहाची कल्पना होती अशा स्त्रीपुरता मर्यादित समजावा. म्हणजेच ‘तिला माहीत होते काय?’ हा १९८८ मध्ये गैरलागू ठरलेला प्रश्न आता कळीचा झाला.

१३/
मालमत्तेचे काय? समजा, स्वारगेट परिसरात राहणाऱ्या एका गृहस्थाची गावी ९ एकर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची जमीन आहे. कायदेशीर पत्नी आणि तिचा एक मुलगा, दुसरी स्त्री आणि तिचा एक मुलगा, मुली नाहीत. गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे कायदा मानतो : वडील, पत्नी आणि पहिला मुलगा यांना प्रत्येकी ३ एकर. या कल्पित वाटणीत दुसऱ्या मुलाला जागा नाही.

१४/
पण वडिलांच्या वाट्याचे ३ एकर ही आता त्यांची मालमत्ता. २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालानुसार त्यात दुसरा मुलगाही वारस. म्हणून पत्नी, पहिला मुलगा आणि दुसरा मुलगा यांना त्यातून १-१ एकर. एकूण हिशेब : पत्नी ४, पहिला मुलगा ४, दुसरा मुलगा १. दुसऱ्या स्त्रीच्या नावापुढे शून्य, मग तिला फसवले गेले असो वा नसो. २०१३ चा दिलासा निर्वाहखर्चाचा आहे, वारसाहक्काचा नाही.

१५/
१९४६ पूर्वीच्या सवतीला जमिनीवर पोटगीचा तरी आधार होता. द्विभार्या पद्धतीला कायद्याने मूठमाती दिली हे योग्यच झाले. परंतु गुन्हा पुरुषाचा आणि हिशेबातील शून्य स्त्रीच्या नावावर, ही विसंगती ‘निरर्थ’ या शब्दाबरोबरच आली आणि वारसाच्या हिशेबात ती अजून तशीच आहे.