नोकरी गेली, घरी कसं सांगायचं? पहिल्या निरोपात काय असावं, काय नसावं

हैदराबाद : नांदेड, लातूर, धाराशिव, बिदर भागातली कितीतरी मराठी घरं हैदराबादच्या पगारावर चालतात. बऱ्याच घरांत नवरा गचीबावली नाहीतर मियापूरला रूम करून राहतो आणि बायको-लेकरं गावाकडं असतात. काही घरांत दोघंही हैदराबादेतच नोकरी करतात. अशा घरात नोकरी गेली की पहिला अवघड प्रश्न नव्या नोकरीचा नसतो. घरी कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, इथंच माणूस अडतो. आठवडा, कधी महिनाही तसाच जातो आणि मग ती गोष्ट दुसरीकडूनच घरी पोचते.

सत्यमच्या वेळी काय झालं

७ जानेवारी २००९, बुधवार. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबात खोटे आकडे दाखवल्याची कबुली पत्राने दिली. काही वेळातच ती बातमी टीव्हीवर आली. हैदराबादेत काम करणाऱ्या हजारो लोकांना स्वतःलाच काही माहीत नव्हतं आणि गावाकडचे लोक टीव्ही बघून फोन करत होते. एप्रिलमध्ये टेक महिंद्राची बोली मंजूर झाली. जूनमध्ये हजारो कर्मचाऱ्यांना 'व्हर्च्युअल पूल'मध्ये टाकण्यात आलं. म्हणजे नोकरी कागदावर होती, पण काम नव्हतं आणि मूळ वेतनापुरताच पगार मिळणार होता.

त्या प्रसंगातून दोन गोष्टी आजही घेण्यासारख्या आहेत. पहिली, बातमी माणसाची वाट बघत नाही. आज तर कंपनीत कपात झाली की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आणि सहकाऱ्याच्या बायकोकडून आपल्या बायकोला कळते. दुसरी, 'नोकरी गेली' या दोन शब्दांत वेगवेगळ्या अवस्था बसतात. नोटीस सुरू आहे, काम काढून घेतलंय पण पगार चालू आहे, की आजच सगळं संपलं, हे निरोपात स्पष्ट नसेल तर ऐकणारा सगळ्यात वाईट अर्थ धरतो.

सांगण्याआधी चार गोष्टी बघून घ्या

एचआरची मीटिंग संपली की लॅपटॉप आणि ऑफिसचा ईमेल लवकरच बंद होऊ शकतो. म्हणून मिळालेलं पत्र आधी नीट वाचावं आणि चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. कामाचा शेवटचा दिवस कोणता, नोटिशीचा पगार किती महिन्यांचा, आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत, आणि आपल्याकडून कशावर सही मागितली आहे.

यातली चौथी गोष्ट महत्त्वाची आहे. पुष्कळ ठिकाणी काढून टाकल्याचं पत्र न देता राजीनामा मागतात. तो दिला की नोंद 'स्वतः सोडली' अशी होते. म्हणून सही करण्याआधी घरी बोलायला एक-दोन दिवस मागावेत, आणि तेही ईमेलवर लेखी. घरी सांगतानाही 'राजीनामा दिला' असं अर्धवट बोलू नये. 'कंपनीने राजीनामा मागितलाय' हेच खरं वाक्य आहे. अर्ध्या वाक्यामुळे 'मला न विचारता का सोडली?' असं नको ते भांडण सुरू होतं.

कधी सांगावं

साधा हिशेब असा : उशीर काही तासांचा चालतो, दिवसांचा नाही. बायको शाळेत शिकवते आहे, गाडीवर आहे, सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आहे, तर संध्याकाळपर्यंत थांबावं. पण झोपण्याआधी सांगावं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बॅग घेऊन घराबाहेर पडलं की मग सांगायच्या गोष्टी दोन होतात. नोकरी गेली ही एक, आणि लपवलं ही दुसरी. पहिली गोष्ट माणसं पचवतात, दुसरीचा राग बरेच दिवस राहतो.

लपवलेली गोष्ट फार दिवस टिकतही नाही. पगाराच्या तारखेला बँकेचा मेसेज येतो किंवा येत नाही. कधी नोटिशीचा पगार आणि हिशेबाची रक्कम एकदम जमा होते. घरच्यांना तो नेहमीचा पगार, नाहीतर बोनस वाटतो, आणि तो खर्चही होतो. घरकर्जात बायको सहकर्जदार असेल तर हप्ता चुकल्याचा डाग तिच्याही सिबिलवर येतो. तेव्हा हे कळणं तिच्या हक्काचं आहे.

पहिला निरोप

तासा-दोन तासांत निवांत फोन होणार असेल तर फोनच करावा. एकाच घरात राहत असाल तर समोर बसून सांगावं. पण फोनची वेळ ठरवायला 'महत्त्वाचं बोलायचंय' एवढंच पाठवून गप्प बसू नये. समोरच्याच्या मनात अपघात, आजारपण, नको ते सगळं येऊन जातं. 'ऑफिसचा विषय आहे, माझी तब्येत ठीक आहे, साडेआठला मोकळी आहेस का?' एवढं लिहिलं तरी पुरतं.

फोन लवकर होणार नसेल आणि बातमी बाहेरून पोचण्याची भीती असेल तर पूर्ण निरोप लिहावा. तो साधारण असा :

'आज ऑफिसात सांगितलं की माझी नोकरी ३० तारखेला संपतेय. मी ठीक आहे, रूमवरच आहे. ३० पर्यंतचा पगार आणि नोटिशीचे पैसे मिळणार आहेत. नोटिशीचा नेमका आकडा अजून कळला नाही. या महिन्याचा हप्ता अडणार नाही. साडेआठला फोन करतो, सगळं सांगतो. आई-बाबांना आपण दोघं बोलल्यावर सांगू.'

इथं बातमी पहिल्याच वाक्यात आहे. त्यानंतर माणूस सुखरूप आहे हे कळतं, मग नक्की माहीत असलेलं आणि माहीत नसलेलं वेगवेगळं सांगितलंय. शेवटी पुढच्या बोलण्याची वेळ आहे. कंपनीला शिव्या, मॅनेजरची गोष्ट, 'माझंच चुकलं' आणि 'महिनाभरात दुसरी मिळेल' हे चारही नाहीत. शेवटचं वाक्य धीर देणारं वाटतं, पण ते वचन आहे. महिना उलटला की त्याचा हिशेब मागितला जातो.

नोकरी बायकोची गेली असेल तरी निरोप हाच. 'अहो, आज आमच्या टीममधल्या काही जणांना काढलं, त्यात मीही आहे' असं सरळ सांगावं. 'तसाही पगार कमीच होता' म्हणून ते हलकं करू नये. तसं म्हटलं की ऐकणाराही ते हलक्यात घेतो आणि घरखर्चाचं बोलणं मागे पडतं.

एक उदाहरण

समजा, नवरा गचीबावलीत, बायको देगलूरला खासगी शाळेत शिक्षिका, घरी सासू-सासरे आणि एक मुलगी. १२ तारखेला दुपारी चार वाजता त्याला सांगण्यात आलं. शेवटचा दिवस ३०. राजीनाम्यावर उद्या सही हवी. त्याने ईमेल करून दोन दिवस मागितले. साडेपाचला ती शाळेतून घरी पोचल्यावर त्याने वर दिलाय तसा निरोप पाठवला. साडेआठला मुलगी झोपल्यावर ती फोन घेऊन गच्चीवर गेली. खाली बैठकीत हे बोलणं झालं नसतं.

त्याने बातमी पुन्हा एकदा सांगितली आणि थांबला. ती रडली. नंतर तिने विचारलं, 'बाबांच्या मोतीबिंदूचं काय? तुमच्याच विम्यावर करायचं होतं ना?' ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या ८ तारखेला ठरलं होतं. कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसासोबत संपतो. त्याने पत्र पाहिलं, विमा ३० पर्यंतच होता. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात बोलून तारीख २४ करून घेतली. त्याने आठवडाभर लपवलं असतं तर दवाखान्याची तारीख आणि विम्याची मंजुरी, दोन्हीला वेळ अपुरा पडला असता.

पैशाचं बोलणं त्यांनी दुसऱ्या रात्री केलं. हातात येणारा पगार ६८ हजार, आणि नोटीस दोन महिन्यांची असल्याचं तोवर कळलं होतं. म्हणजे १ लाख ३६ हजार. बचत ९० हजार. हप्ता, शाळा, किराणा आणि हैदराबादचं ९ हजारांचं रूमभाडं धरून महिन्याचा खर्च ५२ हजार. एकूण २ लाख २६ हजारांत चार महिने निघतात. पण काही कंपन्या नोटिशीचा पगार फक्त मूळ वेतनावर धरतात. तसं असेल आणि मूळ वेतन निम्मं असेल, तर हातात १ लाख ५८ हजारच राहतात, म्हणजे तीन महिने. म्हणून त्याने 'चार महिने काळजी नाही' असं पहिल्या रात्री म्हटलं नाही, हे बरं झालं.

फोनवर गप्प बसावं लागतं

कर्करोगाचे डॉक्टर वाईट बातमी सांगायची एक पद्धत शिकतात. बेली, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली सहा पायऱ्यांत मांडली. त्यात निवांत जागा, समोरच्याला काय माहीत आहे ते आधी विचारणं आणि बातमी सोप्या शब्दांत सांगणं या पायऱ्या आहेत. बातमीनंतरच्या भावनेला वाट दिल्यावरच पुढचा बेत काढायचा असतो. घरातही हाच क्रम चालतो. बातमीनंतर लगेच आकडे सांगत सुटलं तर ते ऐकले जात नाहीत. ती रागावली, तरी तो राग बहुतेक वेळा परिस्थितीवर असतो. त्या रात्री एकच गोष्ट ठरवावी, पुढचं बोलणं कधी.

सासू-सासऱ्यांना काय सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवावं आणि दोघांनी तेच सांगावं. मुलांना त्यांच्या वयाएवढंच. ज्या घरात मारहाणीची भीती आहे तिथं एकट्याने, बंद खोलीत सांगू नये. आधी विश्वासाच्या नातेवाइकाला बोलवावं. नोकरी गेलेल्या माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर निरोपाचे शब्द जुळवत बसू नये. जवळच्या माणसाला लगेच सोबतीला बोलवावं आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. ही सेवा सरकारी असून दिवस-रात्र चालू असते आणि वेगवेगळ्या भारतीय भाषांत मिळते.