मिक्सरचं भांडं जाम झालंय? मोटर जाळण्याआधी हे तपासा

जूचंद्र (ता. वसई) : पावसाळा संपता संपता आपल्याकडे मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात भांड्यांची रांग लागते. मोटर चांगली असते, पण भांड्याचं पातं फिरत नाही. बटण फिरवलं की नुसता 'घुंऽऽ' असा आवाज येतो, जळका वास सुटतो आणि मिक्सर बंद पडतो. आमच्या घरीही गेल्या वर्षी हेच झालं. त्यावेळी भांडं खोलल्यावर जे दिसलं आणि दुकानदाराकडून जे समजलं, ते इथे देत आहे.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

पहिलं काम म्हणजे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग भांडं उतरवून मिक्सरवरचा कपलर, म्हणजे ज्यावर भांडं बसतं ती दात्यांची चकती, बोटाने फिरवा. ती सहज फिरली तर मोटर मोकळी आहे आणि दोष भांड्यात आहे. ती पण अडकत असेल तर भांड्याच्या मागे लागू नका, मशीन दुकानात न्या.

आता भांडं उलटं करून त्याच्या बुडाचा कपलर फिरवा. चांगल्या भांड्यात तो एका बोटाने फिरतो. जड फिरला, वाळू असल्यासारखी खरखर लागली किंवा हललाच नाही, तर आतला बुश धरला आहे. पात्याला कधीही उघड्या हाताने जोर लावू नका. जाड फडकं गुंडाळा, नाहीतर लाकडी पळी अडकवा.

आत नेमकं काय असतं

पातं एका स्टीलच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर बसतं. हा शाफ्ट भांड्याच्या बुडातून खाली जातो आणि खालच्या टोकाला कपलर असतो. बुडात शाफ्ट ज्या नळीत फिरतो ती बुश. लोक तिला बेअरिंगच म्हणतात. बऱ्याच भांड्यांत ही बुश धातूची भुकटी दाबून केलेली असते. तिच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं आणि शाफ्ट त्या तेलावर फिरतो. बुशच्या वर रबराचं ऑइल सील असतं. वाटणातलं पाणी खाली जाऊ नये आणि खालचं तेल वाटणात येऊ नये, ही दोन्ही कामं ते करतं.

बिघाड बहुतेक वेळा या सीलपासून सुरू होतो. गरम मसाला किंवा नुकतंच भाजलेलं खोबरं तसंच गरम गरम वाटलं की रबर हळूहळू कडक होतं, त्याची ओठासारखी कड झिजते. मग मीठ, चिंच आणि पाणी बुशमध्ये उतरतं. आतलं तेल धुवून जातं, ओल साचते आणि लोखंडी वॉशर गंजतात. गंज फुगतो आणि शाफ्टला धरून ठेवतो. शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा असला तरी सुटका नाही, कारण शेजारचे वॉशर आणि क्लिप साध्या लोखंडाच्या असू शकतात. त्यात आपला भाग खाडी आणि मिठागरांच्या कडेचा. हवेतच खार आणि दमटपणा असल्यामुळे बुडात राहिलेलं पाणी लवकर सुकत नाही.

आमच्या घरचं भांडं

आमचं छोटं चटणीचं भांडं होतं. सुक्या जवळ्याची चटणी वाटून झाल्यावर ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची सवय होती. सकाळी आई म्हणाली, "भांडं फिरतच नाय रे, धरलंय." मी विचार न करता मिक्सर चालू केला. दोनदा खालचं लाल बटण बाहेर आलं, दोन्ही वेळा मी ते दाबून परत चालू केला. ती माझी चूक होती. पातं अडकलेलं असताना मोटर खूप जास्त करंट ओढते. ते बटण तिला वाचवण्यासाठीच असतं. पुन्हा पुन्हा दाबत राहिलं तर शेवटी वाइंडिंग जळतं आणि भांड्याच्या खर्चाऐवजी मोटरचा खर्च येतो.

मग भांडं अर्धं कोमट पाण्याने भरलं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि १५ मिनिटं ठेवलं. नंतर उलटं करून बुडाच्या फटीत खायच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि कपलर डावी-उजवीकडे थोडा थोडा हलवत राहिलो. दहा मिनिटांनी सुटला. पण हा उपाय कायमचा नाही. खायचं तेल काही दिवसांत चिकट होतं आणि भांडं पुन्हा धरतं. आमचं आठव्या दिवशी धरलं. गंज काढायचा स्प्रे तर भांड्यात मारूच नका, तो खाण्यात उतरतो.

सील गेलं की बुश गेली?

यासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली, भांडं अर्धं पाण्याने भरून कोरड्या कागदावर १५ मिनिटं ठेवा. कागद भिजला तर सील गेलं. दुसरी, पात्याला फडक्याने धरून आडवं हलवा. वर-खाली किंचित हललं तर चालतं, पण आडवं डुगडुगलं तर बुश झिजली. चालताना भांडं खडखड करतं तेही यामुळेच. पात्याच्या मुळाशी काळपट तेल दिसलं तर त्या भांड्यात वाटण करू नका, आधी दुरुस्त करा.

आमच्या भांड्यात दोन्ही गेलं होतं. फक्त सील बदललं असतं तर डुगडुगणाऱ्या शाफ्टने नवं सीलही महिन्याभरात कापलं असतं. म्हणून बुश झिजली असेल तर दोन्ही एकत्र बदला.

खोलताना

पातं फडक्याने घट्ट धरून खालचा कपलर पक्कडीने सोडवायचा असतो. आटे कुठल्या बाजूचे आहेत ते कंपनीप्रमाणे बदलतं, काहींचे उलटे असतात. म्हणून आधी दोन्हीकडे हलकाच जोर लावून बघा. हातोडी मारू नका, बूड वाकलं की भांडं कायमचं गळतं. एकेक वॉशर काढताना मोबाइलवर फोटो काढा, क्रम चुकला की पातं पुन्हा जड फिरतं. गंजलेले वॉशर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून घासता येतात, पण खड्डे पडले असतील तर नवेच घाला. शाफ्टवरून नख फिरवा. नख अडलं, म्हणजे शाफ्टवर चर पडली आहे, तर शाफ्टही बदलायचा.

नवं सील बसवताना त्याची ओठाची कड वर, वाटणाच्या बाजूला हवी. नवी बुश मात्र सरळ दाबून बसवावी लागते, ते काम दुकानदारावर सोडा. तिरकी बसली तर नवं भांडंही जाम होतं. काही भांड्यांचं बूड सीलबंद असतं, तिथे पात्यासकट पूर्ण सेट बदलतात. जाताना जुनं भांडं सोबत न्या, माप तोंडी सांगून जमत नाही.

जोडल्यावर पुन्हा कागदाची परीक्षा घ्या. मग अर्धं पाणी घालून पाच-पाच सेकंद तीन-चार वेळा फिरवा आणि ते पाणी फेकून द्या.

आता आमच्या घरी भांडं पाण्यात बुडवत नाहीत. वाटण झालं की लगेच आतून पाणी घालून एकदा फिरवतात, बाहेरून पुसतात आणि आडवं ठेवून सुकवतात, म्हणजे बुडात पाणी थांबत नाही. भाजलेलं खोबरं थंड झाल्यावरच वाटतात. आणि पावसाळ्यात न वापरलेलं भांडं आठवड्यातून एकदा बोटाने फिरवून बघतात. जड लागलं तर त्याच दिवशी सोडवता येतं.