तीन वाटा, एक दुवा

१/ १९७२ साल. इंग्लंडमधील रॉथम्स्टेड कृषी संशोधन केंद्रातील जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर रेषीय, लॉजिस्टिक आणि प्वासाँ समाश्रयण या वेगवेगळ्या वाटा मानल्या जात.

२/ अडचण जुनीच होती. औषधाच्या मात्रेनुसार कीड मरण्याची संभाव्यता सरळ रेषेने मांडली, तर मोठ्या मात्रेला उत्तर १.२ येऊ शकते. संभाव्यता मात्र १ ओलांडत नाही. झाडावरील किडींच्या संख्येचा लॉगॅरिदम घ्यावा, तर कीड नसलेल्या झाडापाशी गणित अडते, कारण शून्याला लॉगॅरिदम नाही.

३/ या दोघांनी निरीक्षणे तशीच ठेवली. रूपांतर केले ते त्यांच्या अपेक्षित सरासरीचे:

g(μ) = a + bx

हे g म्हणजे दुवा-फलन, अर्थात लिंक फंक्शन.

४/ समजा, उजवी बाजू २ आली. g(μ) = μ असेल, तर सरासरी २ (रेषीय). g(μ) = ln(μ/(1−μ)) असेल, तर संभाव्यता सुमारे ०.८८ (लॉजिस्टिक). g(μ) = ln μ असेल, तर अपेक्षित संख्या सुमारे ७.४ (प्वासाँ). गणनपद्धती तिन्हींना एकच: भारित लघुतम वर्गांची पुनरावृत्ती.

५/ दुवा योग्य असला, तरी मोजणीचे विचरण सरासरीहून बरेच अधिक निघाल्यास प्वासाँ प्रतिमान फसवी अचूकता दाखवते. त्यावरचा मार्ग वेडरबर्न यांनीच १९७४ मध्ये दाखवला. पुढच्याच वर्षी, अवघ्या २८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.