कर्जत व खालापूर तालुक्यांतील जुन्या वाहनांवरील निर्बंध

कर्जत व खालापूर हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील घाटपायथ्याचे तालुके आहेत. येथे खाजगी पेट्रोल किंवा डिझेल वाहनावर केवळ वयाच्या कारणाने सरसकट बंदी नाही. दिल्लीत मात्र १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहने रस्त्यावर आणण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली होती. या दोन व्यवस्थांची गल्लत अनेकदा केली जाते.

नोंदणीची मुदत

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणीत योग्य ठरल्यास ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते. उदाहरणार्थ, कर्जतमध्ये जून २००८ मध्ये नोंदवलेल्या खाजगी डिझेल जीपची मुदत जून २०२३ मध्ये संपली. मालकाला ती चालू ठेवायची असल्यास नमुना २५ मध्ये अर्ज, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पीयूसी), राज्याचा पर्यावरण कर आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले ५,००० रुपये नूतनीकरण शुल्क आवश्यक होते. तपासणीत उत्तीर्ण झाल्यास ती जीप जून २०२८ पर्यंत वैध ठरते. शासकीय वाहनांना ही सवलत नाही. १५ वर्षांवरील अशा वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते.

उत्सर्जन तपासणी व तिची मर्यादा

भारत स्टेज ४ व त्यापुढील वाहनांचे पीयूसी एक वर्ष, तर त्याआधीच्या वाहनांचे सहा महिने चालते. वरील जीप दुसऱ्या गटात मोडते. डिझेल वाहनाच्या तपासणीत गाडी उभी ठेवून इंजिनाची गती झटक्यात वाढवतात व धुराची घनता मोजतात. इंजिनावर त्या वेळी भार नसतो. त्यामुळे उत्तीर्ण झालेले वाहनही खोपोलीहून बोरघाट चढताना काळा धूर सोडू शकते. असा धूर अपूर्ण ज्वलनाचे लक्षण असून, तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेले इंजेक्टर ही त्याची नेहमीची कारणे होत. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवतो. नायट्रोजन ऑक्साइडे या तपासणीत मोजली जात नाहीत.

स्थानिक बंदी व प्रस्ताव

कर्जत तालुक्यातील माथेरान येथे वाहनाचे वय किंवा इंधन विचारात न घेता खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबवल्या जातात. रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक वाहनांना अपवाद आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला.

कर्जत, खोपोली व माथेरान ही शहरे मुंबई महानगर प्रदेशात मोडतात. या प्रदेशात केवळ सीएनजी व विद्युत वाहनांना परवानगी देणे शक्य आहे काय, याचा अभ्यास करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. समितीची नेमणूक म्हणजे बंदी नव्हे. मात्र तसा नियम झाल्यास, नूतनीकरण झालेल्या जुन्या वाहनांचा प्रश्न या शहरांतही उभा राहील.