काचेवरचा समास

एका दुकानाच्या वेबपानावर तळाशी चिकटलेली एक पट्टी आहे, तिच्यावर एकच बटण, ‘पुढे’. पट्टीची उंची 50. मजकूर 26 उंचीच्या ओळीत बसवलेला, त्याच्या वर 12 आणि खाली 12 मोकळे. 2017 च्या उन्हाळ्यापर्यंतच्या कुठल्याही आयफोनवर ही पट्टी नीट दिसायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयफोन एक्स लोकांच्या हाती आला. हे पान पडदाभर उघडले की पट्टीच्या 50 पैकी खालचे 34 भाग अशा जागेत जायचे, जी आता फोनने स्वतःसाठी राखली होती. तिथे होम इंडिकेटर नावाची बारीक आडवी रेघ असते, घरी परतण्यासाठी बोट वर सरकवायची खूण. ‘पुढे’मधला उकार त्या रेघेला जवळजवळ टेकायचा. शिवाय बटण दाबताना बोट जरासे वर घसरले, तर खरेदी अर्धी राहून माणूस फोनच्या मुख्य पडद्यावर जायचा.

मराठीत या अडचणीला लागू पडणारा जुना शब्द आहे: समास. वहीत आपण डावीकडे समास सोडतो, कारण शिलाईच्या बाजूला अक्षर दडते. काचेच्या पडद्यालाही समास लागतो, हे मात्र फोनच्या कितीतरी आधी दूरचित्रवाणीने ओळखले होते.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राचा काठ सरळ नसायचा. विजेचा दाब कमी-जास्त झाला किंवा आतले भाग जुने झाले की चित्र आक्रसायचे वा फुगायचे. काळी कड दिसू नये म्हणून कारखाने मुद्दाम चित्र चौकटीपेक्षा थोडे मोठे ठेवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. परिणाम असा, की प्रक्षेपकाने पाठवलेल्या चित्राचा काठ घरोघरी कापला जायचा आणि प्रत्येक घरी वेगवेगळा. म्हणून अमेरिकेत चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संघटनेने दोन मर्यादा ठरवल्या. महत्त्वाची हालचाल रुंदी-उंचीच्या मधल्या 90 टक्क्यांत ठेवायची, अक्षरे मधल्या 80 टक्क्यांत. पहिलीला ‘सेफ ॲक्शन’, दुसरीला ‘सेफ टायटल’ म्हणत. आजच्या ‘सेफ एरिया’तला ‘सेफ’ त्याच घराण्यातला. मला यातली दुहेरी योजना फार मोलाची वाटते. चित्र काठापर्यंत जाऊ दे, अक्षर मात्र आत राहू दे, ही समज तिथे पक्की झाली.

पण टीव्हीचा समास अंदाजाचा होता. समोरच्या घरातला संच किती कापतो, हे प्रक्षेपकाला कळायची सोय नव्हती. म्हणून सर्वांत वाईट संच धरून सगळ्यांसाठी एकच जागा सोडायची.

फोनवर हा प्रश्न आयफोन एक्सच्या पडद्यावरच्या खाचेच्या आधीच आला. 2013 मध्ये आयओएस 7 ने पट्ट्या अर्धपारदर्शक केल्या आणि मजकूर त्यांच्याखालून सरकू लागला. तेव्हा ॲपलने वरच्या आणि खालच्या पट्टीची कड सांगणाऱ्या दोन मार्गदर्शक रेषा दिल्या. आडव्या बाजूंचा विचार त्यात नव्हता, कारण तिथे काही झाकले जातच नव्हते. बऱ्याच जणांनी तर या रेषाही न वापरता थेट आकडे लिहिले: वेळ-बॅटरीची पट्टी 20, तिच्याखालची शीर्षकपट्टी 44, मिळून 64. हे आकडे वर्षानुवर्षे बदलले नाहीत, त्यामुळे चूक दिसली नाही.

आयओएस 11 मध्ये, 2017 ला, त्या रेषांच्या जागी सेफ एरिया आली. आता चारही बाजूंचे समास व्यवस्था सांगते. आयफोन एक्स उभा धरला तर वर 44, खाली 34, बाजूंना शून्य. आडवा केला तर वर शून्य, खाली 21 आणि डावी-उजवी दोन्हीकडे 44. खाच एकाच बाजूला असते, तरी समास दोन्हीकडे सारखा, म्हणजे मजकूर मध्यावर राहतो. ॲपलच्या टीव्हीवर याच सेफ एरियात ओव्हरस्कॅनचा समासही धरलेला असतो. नातलग पुन्हा एका छताखाली आले.

वेबपानाची वाट निराळी. सफारीने आधी सावध पवित्रा घेतला: आडव्या फोनवर पान सुरक्षित भागातच बसवायचे आणि दोन्ही कडांना पट्ट्या सोडायच्या. पानाला काठापर्यंत जायचे असेल, तर तसे सांगावे लागते:

```html
<meta name="viewport"
  content="width=device-width, initial-scale=1, viewport-fit=cover">
```

`viewport-fit` हा शब्द खाचेसाठी जन्मलेला नाही. तो गोल पडद्यांसाठी, म्हणजे गोल घड्याळांसाठी लिहिलेल्या सीएसएसच्या मसुद्यातला. चौकोनी पान गोल तबकडीत मावेल एवढे करायचे की तबकडी भरून टाकायची, हा तिथला प्रश्न. खाचेच्या फोनला तोच उपयोगी पडला.

पान काठापर्यंत गेले की समास विचारून घ्यायचा:

```css
.patti {
  position: fixed;
  left: 0; right: 0; bottom: 0;
  padding: 12px 16px;
  padding-bottom: max(12px, env(safe-area-inset-bottom));
}
```

आयओएस 11 च्या सुरुवातीला या `env()` चे नाव `constant()` होते. फोन फिरवताच बदलणाऱ्या किमतीला ‘स्थिर’ म्हणणे खटकणारेच होते. 11.2 पासून ते नाव गेले. जुन्या फायलींत दोन्ही ओळी एकाखाली एक दिसतात त्या या काही आठवड्यांमुळे.

आता आपली पट्टी पुन्हा मोजू. वर 12, ओळ 26, खाली 34, एकूण 72. मजकुराचा मध्य तळापासून 25 वर होता, तो 47 वर गेला. पट्टीचा रंग मात्र काचेच्या काठापर्यंत तसाच भरलेला. जुन्या फोनवर `env()` शून्य देते, `max()` 12 निवडते आणि पट्टी पूर्वीसारखीच 50 राहते. `max()` ऐवजी बेरीज केली असती तर नव्या फोनवर तळाशी 46 ची रिकामी जागा उरली असती.

फसगतीच्या जागा दोन. `viewport-fit=cover` लिहायचे राहिले तर `env()` सगळीकडे शून्यच देते, आणि माणूस सीएसएसमध्ये चूक शोधत बसतो. दुसरी, समास दोनदा सोडणे: `body` लाही तळाचा समास आणि आतल्या वेष्टणालाही. पानाच्या शेवटी नेमका 68 चा कोरा पट्टा दिसला, की 34 दोनदा मोजले गेले हे ओळखावे.

ज्यांनी 64 च्या जागी नुसते 88 आणि तळाला 34 लिहून काम भागवले, त्यांचे पुढे पुन्हा अडले. 2020 च्या आयफोन 12 मध्ये वरचा समास 47 झाला. 2022 च्या 14 प्रोमध्ये खाच जाऊन तरंगती काळी गोळी आली, तेव्हा तो 59 झाला. अँड्रॉइडने 2018 मध्ये आपली वेगळी सोय केली; तिथे तर छिद्र कोपऱ्यातही असू शकते. त्यामुळे एखादा जुना प्रकल्प हाती आला की मी आधी त्यात 44, 64, 88 आणि 34 हे आकडे शोधतो, मग फोन आडवा धरून तळाची पट्टी आणि डावीकडचे पहिले अक्षर पाहतो.